सहा आकड्यांचा संशय

घराला कुलूप लावलं की उद्धवराव ते तीनदा ओढून बघत. मग चाळीस पावलं चालून जात, थांबत, परत येत आणि चौथ्यांदा ओढत. मंजुळाबाई तोवर रस्त्यात पिशवी धरून उभ्या. "कुलूप तुटायचं न्हाई वो," त्या म्हणत, "कडी तेवढी उपटून हातात येईल येक दिवस." लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत कडी उपटली नव्हती आणि उद्धवरावांचं ओढणंही थांबलं नव्हतं.

माणूस जन्मतः संशयी नसतो, त्याला कुणीतरी करतं. चऱ्होलीत ह्यांची चार एकर होती, कांद्याची. उद्धवराव वीस-बावीसचे असताना एक ओळखीचा माणूस दारात आला, चहा पिऊन उद्धवरावांच्या वडिलांना म्हणाला, "मोजणीचा कागद हाय दादा, नुसता अंगठा द्या." वडिलांनी दिला. मोजणी झालीच नाही आणि चार एकरही राहिली नाही. आज तिथे चौदा मजली इमारत उभी आहे आणि कांद्याच्या वाफ्यांवर परक्यांच्या चादरी वाळतात. तेव्हापासून उद्धवराव गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचल्याशिवाय गोळी गिळत नसत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. उद्धवराव पाणीसुद्धा फुंकत.

असा माणूस पहारेकरी म्हणून मिळणं म्हणजे एजन्सीचं नशीबच. चाकणला गाड्यांचे सुटे भाग ठेवायचं एक मोठं गोडाऊन होतं. तिथल्या सकाळच्या पाळीला उद्धवराव अकरा वर्षं होते. ट्रकच्या ताडपत्रीखाली हात घालून बघणार, चालकाचा चेहरा परवान्याशी दोनदा ताडून बघणार. चालक वैतागायचे, पण अकरा वर्षांत ह्या फाटकातून एक बोल्टही चोरीला गेला नव्हता. ही गोष्ट उद्धवराव दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगत. आणि ती खरी होती, म्हणून ऐकणाऱ्याला मान डोलावावीच लागे.

त्यांच्या अभिमानाची आणखी एक गोष्ट होती, शेखरची. शेखर त्यांच्याच पाळीतला पहारेकरी, औशाकडचा, हसतमुख. गोडाऊनच्या मागे आगीच्या पाण्याचं पंप हाऊस आहे. रोज सकाळी दहाला पंप चालवून पाइपातला दाब बघायचा आणि भिंतीवरच्या गेजचा फोटो ग्रुपवर टाकायचा, असा नियम. फोटोवर तारीख-वेळ आपोआप छापणारा कॅमेरा त्यासाठी फोनमध्ये घेतलेला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी शेखरचा फोटो आला, दहा वाजून दोन मिनिटांचा. उद्धवरावांनी तो मोठा करून बघितला. गेजशेजारच्या खांबाची सावली उजवीकडे पडली होती. सकाळी ती डावीकडे पडते. शेखरनं फोनचं घड्याळ फिरवून आदल्या दुपारीच फोटो काढून ठेवला होता. बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणाला. उद्धवरावांनी रजिस्टरात लेखी नोंद केली आणि शेखर आठवड्याच्या आत साइटवरून गेला. "सावलीनं पकडला," उद्धवराव सांगत, "सावली कुनाच्या बापाची न्हाई." शेखरनं त्यानंतर तीनदा फोन केला. उद्धवरावांनी त्याचा नंबर ब्लॉक केला. लाळघोटेपणा त्यांना नको होता.

आता गेल्या दोन महिन्यांपासून एजन्सीनं नवं अ‍ॅप आणलं होतं. गोडाऊनभोवती अकरा ठिकाणी भिंतीवर चौकोनी छाप चिकटवले होते. दर फेरीला त्या अकरा ठिकाणी जायचं, अ‍ॅप उघडायचं, छापावर फोन धरायचा, की फेरी लागली. पाळीच्या सुरुवातीला एकदा नंबर टाकायचा, सहा आकड्यांचा ओटीपी यायचा, तो भरला की पाळीभर परत विचारणा नाही. उद्धवरावांना हे अ‍ॅप पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. यंत्राला वशिला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि सोमवारी त्या अ‍ॅपनं त्यांना ओळखच द्यायचं बंद केलं.

पहिल्या छापावर फेरी लागली. फोन खिशात गेला. दुसऱ्या छापापाशी अ‍ॅप उघडलं तर समोर पुन्हा नंबर टाका, ओटीपी टाका. टाकला. तिसऱ्यापाशी तेच. पाचव्यापाशी तेच. सहाव्या छापाशी लाल अक्षरं आली की आजचे ओटीपी संपले, उद्या प्रयत्न करा. उद्धवराव चालत बाकीचे पाच छाप फिरून आले, पण ते चालणं कुठे लागलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर तक्ता आला. त्यांच्या नावापुढे सगळं लालच लाल. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फाटकावरच्या गड्याचं अ‍ॅप बघितलं. त्याचं बरोबर चालत होतं. सगळ्यांचं चालत होतं. मग आपल्याच नावाला काय झालं? उद्धवराव विचार करू लागले, आणि उद्धवराव विचार करू लागले की तो विचार नेहमी एकाच दिशेनं जायचा. कुठेतरी पाणी मुरतंय. ओटीपी सारखा का येतो? दुसरा कुणीतरी आपल्या नावानं आत शिरतो, म्हणून आपण बाहेर फेकले जातो. एका खुर्चीवर दोन माणसं कशी बसतील?

दुसरा कोण, हे शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. रविराज. साइटचा नवा इनचार्ज, जेमतेम तिशीचा, आठ महिन्यांपूर्वी आलेला. हजेरी त्याच्याकडे, तक्ता त्याच्याकडे. आणि गाव? औसा. शेखरच्याच आळीतला. ही गोष्ट उद्धवरावांनी रविराज आला त्याच दिवशी काढून ठेवली होती आणि मनाच्या कप्प्यात जपून ठेवली होती, कधीतरी लागेल म्हणून. शिवाय सोमवारी दुपारी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, केबिनमध्ये त्यांचा फोन रविराजच्या हातात.

"चार्जिंग संपलं होतं काका, लावायलो होतो," रविराज म्हणाला होता.

"मी सांगितलं व्हतं लावायला?"

"न्हाई."

"मग?"

रविराज गप्प बसला. उद्धवरावांच्या लेखी ते गप्प बसणं म्हणजे निम्मा कबुलीजबाब होता.

त्या संध्याकाळपासून फोन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीत मंजुळाबाईंच्या शिवणाच्या डब्यातला पिवळा दोरा. कुणी सोडली तर कळावं. फोनचा पिन बदलला. नवा पिन कागदावर लिहिला, मग कागद कुणी वाचेल म्हणून जाळला, मग पिन विसरला आणि अर्ध्या तासानं आठवला. दोरा रोज जागेवर होता. तरी अ‍ॅप बाहेर फेकायचं थांबलं नाही. "म्हंजे हात न लावताच करतोय," उद्धवराव मंजुळाबाईंना म्हणाले. "आफिसातल्या कॉम्प्युटरवरनं."

"आवं, पर त्या पोराला तुमचं काय पडलंय?"

"शेखरचा गाववाला हाय त्यो."

"म्हनून काय झालं? माझ्या माहेरची निम्मी मानसं तुमास्नी ओळखत्यात. त्यांनी तुमचं घर लुटलं का?"

मंजुळाबाईंकडे असे प्रश्न नेहमी तयार असत. म्हणून उद्धवराव अंगणात जाऊन फाटकाचं कुलूप ओढून आले.

बुधवारी दिवसाचा एक ओटीपी राखून, पाळी सुटल्यावर ते मोशीच्या चौकात शहेबाजच्या मोबाइलच्या दुकानात गेले. शहेबाज कामाला चांगला, पण दुकानात एका वेळी सात गिऱ्हाइकं आणि दोन हात. त्यानं ऐकता ऐकता फोन घेतला. "चाचा, कधी कधी जुना साठलेला डेटा अडकतो. मागचं लॉगिन संपलेलं असतं आणि अ‍ॅप तेच धरून बसतं." त्यानं साठलेला डेटा पुसला, अ‍ॅप काढून नव्यानं घातलं, उद्धवरावांना आकडे विचारले.

"आकडे मी टाकतो," उद्धवराव म्हणाले आणि छातीशी धरून टाकले.

अ‍ॅप उघडलं. हिरवं पान दिसलं. "झालं बघा," म्हणून शहेबाजनं फोन परत दिला आणि तो पुढच्याची फुटलेली काच बघू लागला. एकदा बंद करून पुन्हा उघडून बघायला हवं होतं, ते गर्दीत राहिलं. रस्त्यावर येऊन उद्धवरावांनी उघडलं तर परत नंबर टाका. मागे वळून त्यांनी शहेबाजकडे बघितलं. शहेबाज कुणाशीतरी हसत बोलत होता. कशाला हसत असेल, असं त्यांच्या मनात आलंच.

खरं तर त्यांना खरं सांगणारा एकजण होता. तो त्यांचाच फोन. मंगळवारी ग्रुप उघडताना पडद्यावर एक चौकट आली होती की तुमच्या फोनची तारीख चुकीची आहे, दुरुस्त करा. उद्धवरावांनी ती दोनदा वाचली आणि मनाशी हसले. असल्या चौकटी कशासाठी येतात, हे त्यांना ठाऊक होतं. इथे दाबा म्हणतात आणि बँकेतलं सगळं साफ करतात. त्यांनी चौकट बंद केली, फोन बंद करून चालू केला, आणि आपण किती सावध आहोत ह्याचं त्यांना दिवसभर बरं वाटलं. घड्याळ तर बरोबरच होतं, मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होतं. तारीख ते फोनमध्ये कशाला बघतील? तारखेला केबिनमध्ये भिंतीवर कॅलेंडर होतं.

गुरुवारी त्यांनी अर्ज लिहिला. मोठ्या, गोल अक्षरात, दोन पानी. 'रविराज हे माझ्या नावाने माझ्या अ‍ॅपमध्ये शिरत असून, पूर्वीच्या एका कारवाईचा सूड म्हणून माझ्या फेऱ्या बाद करीत आहेत, तरी सखोल चौकशी व्हावी.' अर्ज एजन्सीच्या आकुर्डीच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला.

अर्जाचा परिणाम लगेच झाला. रविराजकडून हजेरी आणि तक्ता काढून घेतले. चौकशी होईपर्यंत त्यानं फाटकावर साध्या पहारेकऱ्यासारखं उभं राहायचं आणि दोष सिद्ध झाला तर साइट सोडायची, शेखरनं सोडली तशी. रविराजनं कागद वाचला, उद्धवरावांकडे एकदा बघितलं आणि काठी घेऊन फाटकावर जाऊन उभा राहिला. उद्धवरावांना वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. गप्प माणसावर संशय घट्ट बसत नाही, घसरतो.

शुक्रवारी सकाळी अकराला प्राजक्ता आली. ऑफिसातली अ‍ॅप बघणारी मुलगी, पंचविशीची, पाठीवर बॅग, हातात हेल्मेट. केबिनमध्ये टेबलाच्या एका बाजूला उद्धवराव ताठ बसले, दुसऱ्या बाजूला रविराज उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

प्राजक्तानं लॅपटॉप उघडला. "काका, सोमवारपासून तुमच्या नावानं तेवीस वेळा लॉगिन झालंय."

"बघा!" उद्धवराव म्हणाले.

"तेवीसही वेळा एकाच फोनवरून. तुमच्या ह्याच फोनवरून. दुसऱ्या कुठल्याच फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून एकदाही नाही."

उद्धवरावांचं बोट टेबलावर वाजत होतं ते थांबलं. "आसं कसं? मग मला भायेर कोन काढतंय?"

"तेच बघू. फोन द्या."

पिवळा दोरा सोडून फोन बाहेर आला. प्राजक्तानं लॉगिन करून घेतलं, अ‍ॅप बंद केलं, पुन्हा उघडलं. नंबर टाका. तिनं भुवया उंचावल्या, सेटिंग उघडलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "काका, आज किती तारीख?"

"वीस. शुक्रवार."

"तुमच्या फोनमध्ये एकवीस आहे. शनिवार." तिनं पडदा त्यांच्यापुढे धरला. "हे बघा, तुम्ही ओटीपी टाकला की आमचा सर्व्हर तुम्हाला एक पास देतो. बसचा पास असतो ना, तसाच. त्यावर शेवटची वेळ लिहिलेली असते, बारा तासांची. अ‍ॅप उघडलं की ते आधी पास बघतं आणि मग फोनमधली तारीख-वेळ बघतं. तुमचा पास आज रात्री संपणार आहे, पण तुमचा फोन म्हणतो की उद्याची सकाळ झाली. मग अ‍ॅपला वाटतं पास कालच संपला. ते पास फाडतं आणि नवा मागतं. कितीही नवे घ्या, तुमच्या फोनसाठी तो शिळाच."

"आन् घड्याळ तर बराबर हाय की!"

"घड्याळ बरोबर आहे, तारीख एक दिवस पुढे आहे. डेटा पुसून, अ‍ॅप नवं घालून काही होणार नाही." तिनं पडद्यावरचं एक बटण दाखवलं. "आणि हे आपोआप बिघडत नाही. फोन कंपनीच्या टॉवरवरून वेळ घेत असतो. ते घेणं इथे हातानं बंद केलेलं आहे. कुणीतरी बंद केलं आणि मग तारीख पुढे केली."

"कोनी?" उद्धवराव तावातावानं म्हणाले, आणि शब्द तोंडातून बाहेर पडता पडता त्यांना आठवलं.

शनिवार. दुपारचा दीड. पंप हाऊसची भिंत.

रविवारी त्यांची सुटी असे, तरी दहाचा पंप चालवायला ते तासाभरासाठी येत. अकरा वर्षं येत होते. पण ह्या रविवारी घाटात, म्हणजे चढाच्या मातीच्या धावपट्टीवर, बैलगाडा शर्यत होती आणि पुतण्याची बैलजोडी पहिल्यांदा पळणार होती. जमीन गेली तेव्हा बैलही गेले होते. इतक्या वर्षांनी घराण्याचं नाव पुन्हा घाटात पुकारलं जाणार होतं. ते ऐकायला उद्धवरावांचा जीव तीळ तीळ तुटत होता. एका दिवसानं काय होतंय, असं त्यांच्या मनात आलं, आणि घड्याळ कसं फिरवायचं हे शेखरच्या प्रकरणात त्यांना चांगलं कळलं होतं. रविवारची तारीख, दहा वाजून पाच. गेजचा फोटो काढला, दाब सात, चोख. मग मनगटावरचं घड्याळ बघून फोनची वेळ जागेवर आणली. तेवढ्यात फाटकावर ट्रकचा हॉर्न वाजला. तारीख तशीच राहिली, आणि त्या दिवसाच्या फेऱ्या संपल्या होत्या म्हणून अ‍ॅपही पुन्हा उघडलं नाही. रविवारी सकाळी घाटातल्या धुरळ्यात उभं राहून त्यांनी तो फोटो ग्रुपवर टाकला आणि नंतर ते बैलांच्या नावानं इतके ओरडले की फोटो पार विसरून गेले.

"फोनला इतिहास नसतो हो," प्राजक्ता म्हणत होती. "कुणी बदललं ते तो सांगणार नाही. तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला होता का?" तिनं रविराजकडे बघितलं. "तुम्ही घेतला होता?"

"सोमवारी," रविराज म्हणाला. "चार्जिंगला लावला होता."

"म्हणजे हातात होता."

"होता."

प्राजक्ता लिहू लागली. केबिनमधला पंखा करकरत होता. उद्धवरावांना कुणीच काही विचारत नव्हतं. त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं; बाकी सगळं आपोआप होणार होतं. रविराज साइटवरून जाणार, लाल तक्ता पुसला जाणार, अकरा वर्षं पुन्हा पांढरीशुभ्र. चार एकर अशीच गेली होती. कुणीतरी गप्प बसलं होतं आणि कुणीतरी लिहीत होतं.

त्यांना लाज वाटली. इतकी, की कान तापले.

"लिवू नगा," उद्धवराव म्हणाले. "त्यानं न्हाई. मी केलं."

प्राजक्ताचं पेन थांबलं.

"रविवारचा फोटो मी शनिवारी काढला. शर्यतीला जायाचं व्हतं. तारीख मीच फुडं केली आन् माघारी घ्यायची ऱ्हायली." ते एकेक शब्द ढकलत बोलले. "त्या पोरावर मी उगाच बालंट आणलं."

प्राजक्तानं मघाचं पान फाडलं आणि उद्धवरावांनी सांगितलं ते नव्यानं लिहिलं. रविराजचं काम त्याच्याकडे परत. उद्धवरावांबद्दलचा निर्णय ऑफिस कळवील. कागद पुढे सरकवून ती म्हणाली, "वाचून सही करा." गोळीचं पाकीट वाचणाऱ्या माणसानं न वाचताच सही केली. तिनं फोनमधलं बंद बटण चालू केलं. शनिवारचा शुक्रवार झाला. ओटीपी टाकून, अ‍ॅप बंद करून तिनं दोनदा उघडून दाखवलं. हिरवं पान. विचारणा नाही. मग हेल्मेट घालून ती गेली.

केबिनमध्ये दोघंच राहिले. रविराज खुर्ची ओढून आता बसला.

"मला ठाऊक होतं, काका," तो म्हणाला.

"काय?"

"रविवारी तुमचा फोटो आला तेव्हा मी त्याच भिंतीपाशी उभा होतो. तुम्ही आला नाहीत म्हणून पंप चालवायला गेलो होतो. तुमच्या फोटोत दाब सात. माझ्या डोळ्यांपुढं चार. व्हॉल्व्ह गळायला होता. मेकॅनिक बोलावून दुपारी तीनपर्यंत नीट करून घेतला. आणि सावली बी उजवीकडं होती."

त्या सकाळी गोडाऊनला आग लागली असती तर पाइपात जेमतेम निम्म्या दाबाचं पाणी होतं, आणि ग्रुपवर उद्धवरावांच्या नावाचं सात. त्यांनी टेबलाची कड धरली.

"रजिस्टरात न्हाई दिसलं मला."

"लिहिलंय. गळती दुपारी एकला आढळली असं लिहिलंय. म्हंजे तुमचा दहाचा फोटो खोटा पडू नये."

"आर पर का? मी तुजं नाव अर्जात लिवलं, तुला काठी दिऊन फाटकावर हुबा केला. तवा तरी बोलायचास!"

"शेखरदादाच्या वेळी तुम्ही बोललात, काका," रविराज म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. "पुढं काय झालं ते मी बघितलंय. बायको तेव्हा खरंच दवाखान्यात होती. नोकरी गेली, खोली सोडली, सगळं घर गावाकडं आलं. आता तो कासारवाडीला एका पार्किंगवर असतो. मला दुसऱ्या माणसाचं तसं करायचं नव्हतं. तुम्ही माझं काय बी लिहिलं असतं तरी."

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. रविराज उठला, काठी कोपऱ्यात ठेवली आणि हजेरीचं रजिस्टर घेऊन गेला.

साडेअकराच्या फेरीला उद्धवराव निघाले. एकेका छापावर अ‍ॅप उघडत गेलं, कुठेही अडलं नाही. कोण आहात म्हणून त्यानं एकदाही विचारलं नाही आणि उद्धवरावांना प्रत्येक वेळी वाटत होतं की आता तरी त्यानं विचारावं. अकरावा छाप पंप हाऊसच्या भिंतीवर होता. गेज सातावर होतं. खांबाची सावली अजून डावीकडे होती, पण आखूड झालेली.

तिथल्या कट्ट्यावर ते बसले. ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी शोधायला त्यांना वेळ लागला. यादीत एकच नाव होतं. तीनदा फोन करून शेखरला काय सांगायचं होतं, हे त्यांनी दोन वर्षांत एकदाही ऐकून घेतलं नव्हतं. सगळ्या जगाकडे पुरावे मागणाऱ्या माणसानं ह्या एकाचं म्हणणं तेवढं मागितलं नव्हतं.

त्यांनी नंबर मोकळा केला आणि लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली.

"कोण उद्धवराव?" शेखरचा आवाज आला. गाड्यांचा गोंगाट होता. "बोला. आता काय राहिलं?"

"शेखर," उद्धवराव म्हणाले, "तुजी बायकू कशी हाय रं?"